उत्सव समितीची तयारी: पावती पुस्तकापासून साउंड बंद होईपर्यंत

अध्यक्ष कोण, बॅनरवर कुणाचा फोटो यावर दोन मीटिंगा जातातच, जाऊ द्यात. पण वर्गणीला बाहेर पडायच्या आधी पावती पुस्तकांची वही तयार हवी. म्हणजे साधी शंभर पानी वही, त्यात पुस्तक नंबर, पावती कितीपासून कितीपर्यंत, कुणाला दिलं, तारीख, सही, आणि परत कधी आलं. पुस्तकं छापून घेताना नंबर छापलेलेच घ्या, हाताने टाकलेले नकोत, आणि कार्बनची प्रत पुस्तकातच राहील अशी घ्या. पावती चुकली तर फाडून फेकायची नाही, दोन्ही प्रतींवर आडवं "रद्द" लिहून पुस्तकातच स्टेपल करायची. एक नंबर जरी गायब झाला तरी नंतर कितीही खरं सांगा, लोक मनात काय समजायचं ते समजतात.

पैसे घ्यायचे ते समितीच्या खात्यात. खजिनदाराच्या पर्सनल क्यूआरवर घेऊच नका, माणूस कितीही सज्जन असू दे, कारण मग त्याच्या घरखर्चाच्या एंट्र्यांमधून वर्गणी वेचत बसावं लागतं आणि ते त्यालाच सगळ्यात जास्त त्रासाचं होतं. खात्यातून पैसे काढायला दोन सह्या. पावतीवर रोख की ऑनलाइन हे तिथल्या तिथे लिहायचं, ऑनलाइन असेल तर व्यवहार नंबरचे शेवटचे चार आकडे पण, कारण खातं बऱ्याचदा मुलाच्या नावावर असतं आणि पावती आजोबांच्या, नावावरून जुळत नाही. आणि रोख आलेली सगळीच्या सगळी बँकेत भरायची. वाटेत "हाराचे देऊन टाकले त्यातूनच" असं नको. किरकोळ खर्चासाठी एक ठरावीक रक्कम वेगळी काढून एकाच्या हातात द्या, बिलं दाखवली की तेवढीच परत भरायची.

रोज संध्याकाळी ताळा, आणि तो वर्गणी गोळा करणाऱ्याने एकट्याने नाही, दुसरं कुणीतरी सोबत बसून. समजा पुस्तकातल्या १५१ ते १६८ पावत्या आज फाटल्या, त्यात १६० रद्द, म्हणजे चालू पावत्या सतरा. स्थळप्रतींची बेरीज १४,२००, त्यात ऑनलाइन लिहिलेले ५,७००, म्हणजे हातात रोख ८,५०० पाहिजे. मोजली तर ८,०००. इथे लगेच कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, आधी खातं उघडायचं. खात्यात आज आलेत ६,२००, म्हणजे पाचशेची एक एंट्री अशी आहे जिची पावती ऑनलाइनमध्ये नाही. मग रोखीतल्या पाचशेच्या पावत्या बघत गेलं की सापडतं, १६३ वाल्या काकूंनी आधी रोख देते म्हणून सांगितलं, पावती तशी लिहून झाली, आणि सुट्टे नव्हते म्हणून स्कॅन केलं. स्थळप्रतीवर दुरुस्ती, दोघांच्या सह्या, ताळा जुळला. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर आकडे उलटे लिहिलेत का ते आधी बघा, ५१० चे १५० झाले की फरक ३६० येतो. हे सगळं त्याच दिवशी पाच मिनिटांत सापडतं, आठवड्याने काकूंनाच आठवत नाही.

"देतो म्हणालेत" हे जमेत धरायचं नाही. खर्चाचं बजेट हातात आलेल्या पैशावर आणि मागच्या वर्षीच्या शिल्लकेवर, बाकी सगळं जमलं तर. कुणी साउंड दिला, कुणी खुर्च्या दिल्या तर त्याची वेगळी नोंद, वस्तू आणि संख्या लिहून, ते रोखीच्या वहीत घुसवलं की बेरीज कधीच जुळणार नाही.

वर्गणीला जोडीने जायचं, जेवायच्या वेळी आणि उशिरा रात्री नाही. कमीत कमी एवढे द्या असा आकडा सांगायचा नाही, नाही म्हणाले तर बरं म्हणून पुढच्या दारात. दार बंद असलं तर अजून एकदा जाऊन यायचं, तिसऱ्यांदा नाही. फळ्यावर देणाऱ्यांची नावं लावायची तर रकमेशिवाय लावा, कमी दिलेल्याला जिन्यात मान खाली घालावी लागेल असं काही करू नका. एकूण जमा आणि एकूण खर्च मात्र मोठ्या अक्षरात पाहिजेच.

ड्युट्या लावताना चार तासांच्या वर कुणाला उभं करू नका, आणि पाळी बदलताना पंधरा मिनिटं दोघंही हजर राहतील असं धरा, कारण पेटी कुठे, चावी कुणाकडे हे त्या पंधरा मिनिटांतच सांगितलं जातं. पेटीपाशी कायम दोघं, शक्यतो एकाच घरातले नकोत. लहान मुलांना पैसे आणि वायरिंग सोडून काहीही द्या. प्रत्येक पाळीला एक माणूस राखीव, कारण कुणाचा तरी पाय मुरगळतोच किंवा साहेबांचा फोन येतोच.

आता आवाज, खरी भांडणं इथेच. परवानगीच्या कागदावर वेळ आणि डेसिबल लिहिलेलं असतं, ते कुठे उभं राहून मोजायचं आहे तेही नीट वाचा, स्टेजसमोर आणि हद्दीवर यात खूप फरक पडतो. साउंडवाला आला की आधी स्पीकर बंद ठेवून नुसता रस्त्याचा आवाज मोजा, मग चालू करून. समजा हद्दीवर मर्यादा ६५ आणि आला ७१, तर सहा डेसिबल कमी करायचे म्हणजे पॉवर निम्मी करून भागत नाही, निम्म्याने तीनच उतरतात, पाव करावी लागते. नाहीतर स्पीकर हद्दीपासून दुप्पट लांब न्या, मोकळ्या जागेत साधारण सहा उतरतात. मोजून झालं की मिक्सरच्या मास्टरवर त्या रेषेला टेप चिकटवून टाका, त्याच्या वर जायचं नाही. फोनवरचं ॲप अंदाजापुरतं ठीक, पण खऱ्या मीटरशी एकदा ताडून बघा आणि मग तोच फोन वापरा. एक मोठी भिंत उभी करण्यापेक्षा छोटे स्पीकर जास्त ठिकाणी, तोंड खाली लोकांकडे. आणि बेस कमी करा, कारण मर्यादा सहसा ज्या मापात असते त्यात बेस कमीच मोजला जातो, म्हणजे मीटर म्हणतो सगळं ठीक आणि शेजारच्यांच्या खिडक्या थरथरतायत. तेव्हा मीटर दाखवून वाद घालू नका, जाऊन त्यांच्या हॉलमध्ये दोन मिनिटं उभं राहा.

आसपासच्या घरांना आधीच चिठ्ठी, कुठल्या दिवशी किती ते किती, आणि एक फोन नंबर. तो नंबर अशा माणसाचा पाहिजे ज्याने खूण केली की साउंडवाला आवाज उतरवतो, "विचारून सांगतो" वाला नको. आजारी माणूस, तान्हं बाळ, परीक्षा, नाइट शिफ्ट कुठे आहे ते वर्गणीला फिरतानाच वहीत टिपून ठेवा. बंदच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी शेवटचं गाणं सांगून टाकायचं. आणि लोखंडी पाइप ट्रकमध्ये टाकायचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, रात्री साउंड वेळेत बंद करून मग दोन तास खणखणाट केला तर चिठ्ठीचा काय उपयोग.

सगळं संपल्यावर पंधरा दिवसांत हिशोब, बिलं तारखेने लावून, समितीत नसलेल्या कुणा दोघांकडून तपासून. उरलेल्या कोऱ्या पावत्यांवर पण "रद्द", पुस्तकं परत आल्याची वहीत सही, आणि शिल्लक किती ते फळ्यावर.