ओट्यासाठी ग्रॅनाइट, क्वार्ट्झ की टाइल? हळद, तापलेली कढई आणि पूर्ण बिल लावून बघा

दुकानात उभा करून ठेवलेला स्लॅब कधीच डागाळलेला नसतो, आणि त्यावर कुणी तापलेली कढईही ठेवलेली नसते. म्हणून ओट्याचा दगड दुकानात पसंत करू नका. आवडलेल्या प्रत्येक प्रकाराचा तळहाताएवढा तुकडा मागून घरी आणा. कापून उरलेले तुकडे विक्रेत्याकडे पडलेलेच असतात. टाइल आणताना मात्र दोन तुकडे घ्या. मधली फट ज्या ग्राउटने भरायची त्याच ग्राउटने ती भरून ते जोडा आणि वाळू द्या. टाइलच्या ओट्यात डाग बहुतेक वेळा टाइलवर पडत नाही, या फटीत पडतो.

पहिली पायरी : डाग

तुकड्यांवर आधी नुसत्या पाण्याचे दोन-तीन थेंब टाका आणि पंधरा मिनिटांनी पुसा. ग्रॅनाइटवर ओलसर काळपट ठिपका राहिला, तर तो दगड पाणी पितो, म्हणजे तेलही पिणार. गडद आणि दाट कणांच्या ग्रॅनाइटमध्ये हा त्रास कमी असतो. पांढरट, भुरकट छटांचे ग्रॅनाइट दिसायला सुरेख असते, पण त्यात तेल मुरले की डाग लगेच डोळ्यांत भरतो. असा दगड घ्यायचाच असेल तर बसवल्यावर सीलर मारावा लागेल आणि अधूनमधून तो पुन्हा मारावा लागेल, हे गृहीत धरा.

काळ्या ग्रॅनाइटसाठी आणखी एक तपासणी करा. कापसाचा बोळा नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवून दगडावर घासा. कापूस काळा झाला तर दगडाला रंग चढवलेला आहे आणि काही वर्षांत तो ओट्यावर पट्टे पट्टे होऊन उतरेल.

आता खरी परीक्षा. तेलात कालवलेली हळद, लिंबाचा रस आणि कोरा चहा यांचे दोन-दोन ठिपके प्रत्येक तुकड्यावर द्या. टाइलच्या तुकड्यावर ते फटीवरही द्या. एक ठिपका दहा मिनिटांनी पुसा, दुसरा रात्रभर राहू द्या आणि सकाळी भांड्याच्या साबणाने धुवा. साबण लागताच हळद लालसर झाली तर घाबरू नका, हळदीचा रंग अल्कलीत तसाच बदलतो.

लिंबाच्या जागी पॉलिश उडून मंद पांढरा डाग दिसला, तर तुमच्या हातातला दगड ग्रॅनाइट नाही. संगमरवर किंवा चुनखडीच्या जातीचा कुठला तरी दगड आहे. कडप्पाही त्याच जातीचा, म्हणून जुन्या कडप्प्याच्या ओट्यावर आमसुलाच्या पाण्याचे किंवा लिंबाचे ठसे कायमचे दिसतात.

क्वार्ट्झवर यातले जवळजवळ काहीच मुरत नाही, कारण दगडाची भुकटी आणि रेझिन दाबून तो बनवलेला असतो आणि त्यात छिद्रे नसल्यात जमा. पांढऱ्या क्वार्ट्झवर हळदीची फिकट छटा उरू शकते. ती खाण्याच्या सोड्याच्या लेपाने बरीच जाते. उरलेली पुसट होईल म्हणून तुकडा उन्हात ठेवू नका. हळद उन्हाने उडते हे खरे, पण क्वार्ट्झचे रेझिनही उन्हाने पिवळे पडते. ओट्यावर खिडकीतून दिवसभर ऊन येत असेल तर पांढरा क्वार्ट्झ टाळलेलाच बरा.

टाइलच्या चकचकीत थरावर काही चढत नाही, पण साध्या सिमेंटच्या ग्राउटमध्ये हळद बसली की बसली. शिवाय लिंबू आणि बाथरूमचे अ‍ॅसिड त्याला हळूहळू खातात. इपॉक्सी ग्राउट भरलेल्या फटीवर हाच प्रयोग करा, फरक समोर दिसेल.

दुसरी पायरी : उष्णता

शिट्टी होत असलेल्या कुकरच्या आत साधारण १२० अंश सेल्सिअस तापमान असते. पुऱ्या तळताना तेल १८० अंशांच्या आसपास जाते आणि भाकरीचा तवा त्याच्याही वर. क्वार्ट्झमधले रेझिन साधारण १५० अंशांच्या पुढे बिघडू लागते, म्हणजे कुकर एखाद वेळी खपून जाईल, कढई-तवा नाही. बिघाड दोन तऱ्हांनी दिसतो. भांड्याच्या बुडाचा पिवळट गोल उमटतो, तो घासून जात नाही. किंवा तेवढीच जागा एकदम तापल्याने स्लॅबला चीर जाते आणि ती बहुतेकदा सिंक किंवा हॉबच्या कापाच्या कोपऱ्यातून निघते. म्हणून कोपरे काटकोनात न कापता गोलसर कापायला सांगा. हे ग्रॅनाइटलाही लागू आहे. तुकड्यावर तापलेली कढई दहा मिनिटे ठेवून गोल उमटतो का बघा, पण छोटा तुकडा सगळीकडून सारखा तापतो, त्यामुळे चिरेची परीक्षा त्यात होत नाही.

ग्रॅनाइटला कढईचे काही वाटत नाही. टाइल भट्टीत हजार अंशांहून अधिक भाजलेली असते, तीही टिकते. तिचे दुखणे वेगळे : खालचे चिकटवण नीट पसरले नाही तर टाइल पोकळ राहते आणि तिथे नारळ फोडला किंवा खलबत्ता आपटला की तडकते. बसवल्यावर दुसऱ्या दिवशी नाण्याने ठोकत जा. ठक्क न वाजता डब्यासारखा आवाज आला तर मिस्त्री असतानाच ती टाइल काढून घ्या.

तिसरी पायरी : पूर्ण बिल

दर चौरस फुटाला सांगितला जातो आणि तिथेच फसगत होते. १० फूट लांब, २ फूट रुंद सरळ ओटा धरू, खाली कडप्पा आधीच आहे. पुढचे दर फक्त हिशेबासाठी धरले आहेत, तुमच्या गावचे घालून बघा.

ग्रॅनाइट २०० रुपयांचे. १० × अडीच फुटी स्लॅब मिळाला तर २५ चौरस फुटांचे ५,००० रुपये. पुढची कड आणि एक बाजू मिळून १२ रनिंग फूट मोल्डिंग १०० रुपयांनी १,२००. सिंक-हॉबचे काप १,५००. एकूण ७,७००.

टाइल ८० रुपयांची. दोन फुटी पाच आणि एक जादा, म्हणजे २४ चौरस फूट, १,९२०. चिकटवण आणि इपॉक्सी ग्राउट २,०००, कडेचे काम १,२००, काप १,५००. एकूण ६,६२०. टाइलच्या दरात आणि ग्रॅनाइटच्या दरात अडीचपट अंतर आहे, पण बिलात फरक हजारभराचाच उरला. तेवढ्यासाठी मी स्वतःच्या घरी फटी घासत बसणार नाही.

क्वार्ट्झ ४५० रुपयांचा. वीस चौरस फुटांचे ९,००० होतील असे वाटते, पण बहुतेक ठिकाणी अख्खा स्लॅब घ्यावा लागतो आणि तो साधारण १० × पावणेपाच फुटी असतो. म्हणजे साडेसत्तेचाळीस चौरस फूट, २१,३७५ रुपये. मोल्डिंग २,४०० आणि काप ३,००० धरले तर २६,७७५. अर्ध्याहून जास्त स्लॅब उरतो. ओटा एल आकाराचा असेल तर तोच स्लॅब दुसऱ्या बाजूला पुरतो आणि हिशेब पुष्कळ सुसह्य होतो. ओटा छोटा असेल तर विक्रेत्याला उरलेल्या तुकड्यांबद्दल जरूर विचारा.

फोडणी, तळण आणि भाकरी रोजची असेल तर गॅसच्या दोन्ही बाजूंना गडद ग्रॅनाइटच घालावे, असे माझे मत. क्वार्ट्झचा चटका-धोका ज्यांना पत्करायचा आहे त्यांनी भांडे ठेवायला लाकडी किंवा लोखंडी घडवंची गॅसशेजारी कायमची ठेवावी. घरातला प्रत्येक जण ती वापरेल याची खात्री नसेल तर क्वार्ट्झ घेऊ नये.

कोटेशनवर तीन गोष्टी लेखी घ्या : मोजमाप स्लॅबचे आहे की बसवलेल्या ओट्याचे, उरलेला तुकडा कुणाचा, आणि जोड नेमका कुठे येणार. तो सिंकवर किंवा गॅसखाली येत असेल तर स्लॅब कापण्याआधीच दुसरीकडे हलवायला सांगा.