इस्त्री लावली की वरचा दिवा प्रखर

आयटीआयमधून वायरमन होऊन सोलापुरात एका मेस्त्रींच्या हाताखाली लागलो, तेव्हाची गोष्ट. साखर पेठेतलं घर, तळमजल्यावर टॉवेलची शिलाई आणि इस्त्री, वर कुटुंब. जोडणी थ्री फेज. वरचे बल्ब आठवड्याला उडत होते आणि मावशींनी त्यापायी दोन दुकानं बदलली होती.

मी सकाळी लवकर गेलो. मल्टीमीटर लावला, तिन्ही फेजवर न्यूट्रलशी २३० व्होल्टच्या आसपास. "बल्बच हलके आहेत," असं सांगून मोकळा झालो. दोन दिवसांनी परत फोन. मेस्त्रींनी एवढंच विचारलं, "मोजताना इस्त्री चालू होती का?"

नव्हती. सैल न्यूट्रल लोड नसताना शहाण्यासारखा वागतो, हे मला तिथे कळलं.

दुपारी इस्त्री चालू ठेवून मोजलं. इस्त्रीच्या फेजवर १६० व्होल्ट, बाकी दोन्हींवर २७० च्या वर. फेज ते फेज मात्र नेहमीचे ४०० कायम. म्हणजे वरून येणारा पुरवठा ठीक, मधला बिंदूच सरकलेला. न्यूट्रल नीट नसला की जास्त लोडवाल्या फेजचं व्होल्टेज खाली येतं आणि हलक्या लोडवाल्या फेजचं वर चढतं. इस्त्री कोमट, वरचा बल्ब लखलखीत. २३० ऐवजी २७० मिळाले की साध्या तारेच्या बल्बवर जवळपास तीस टक्के जादा पॉवर पडते, तो टिकणार कसा? एलईडी कधीकधी डोळ्यांना प्रखर दिसतही नाही, थेट उडतो. म्हणून मी अजूनही पिशवीत ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब ठेवतो.

सिंगल फेजच्या घरात सांधा सैल असेल तर मोठं काही लावल्यावर सगळंच मंदावतं. एक खोली मंद आणि दुसरी प्रखर दिसली, तर थ्री फेजच्या सामाईक न्यूट्रलवर संशय घ्या.

जागा शोधायला लोड चालू ठेवून न्यूट्रलच्या दोन टोकांमध्ये मोजायचं. मीटरकडून आलेली न्यूट्रल वायर आणि मेन बोर्डातली न्यूट्रल पट्टी यांच्यात आम्हाला ७० व्होल्ट मिळाले. तिथे एक-दोन व्होल्टच्या पुढे काही दिसायला नको. मेन बंद केला, ती पट्टी उघडली. आत ॲल्युमिनियमची वायर पितळी स्क्रूखाली काळी पडलेली, प्लास्टिक वितळलेलं. जळका भाग कापून नवी पट्टी घातली, स्क्रू पक्का कसला आणि परत इस्त्री लावून मोजलं. तिन्ही फेजवर २२५ ते २३५.

एक धोका लक्षात ठेवा. लोड चालू असताना तुटलेल्या न्यूट्रलवरही टेस्टर पेटतो, तिला काळी वायर म्हणून हात लावायचा नाही. आणि हेच ७० व्होल्ट मीटरच्या अलीकडे न मिळता तिन्ही फेज मीटरवरच वर-खाली दिसले, तर दोष सर्व्हिस वायरीत, खांबावर किंवा डीपीवर. तिथे सील असतं, आपण हात घालायचा नाही. मेन बंद करून लाइनमनला बोलवायचं. तोवर फ्रिज-टीव्हीचे प्लग काढून ठेवायला मावशींना सांगायचं, ते मी पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं.