घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी टीव्हीचे हेडफोन: या चुका टाळा

"हेडफोन खराब निघालेत, बदलून घेऊ का?" असा फोन मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी येतो. जाऊन बघावं तर हेडफोन ठणठणीत असतात. घोळ झालेला असतो तो घेताना, नाहीतर जोडताना. आणि जोडणाऱ्या भाच्या-पुतण्याला तासाभरात निघायचं असतं, त्यामुळे डब्यातली पुस्तिका तशीच घडी घातलेली सापडते.

"ब्लूटूथचेच घेतो, सगळीकडे चालतात"

ही सगळ्यांची लाडकी चूक. माझ्या आत्यालाही तिच्या नातवाने हौसेने ब्लूटूथचे हेडफोन आणून दिले होते. टीव्हीला जोडून दाखवले, आवाज खणखणीत आला, नातू खूश. चार दिवसांनी आत्या मला म्हणाली, "अरे, यात आवाज मोठा येतो, पण मला आधीपेक्षा कमी कळतं."

मी शेजारी बसून पाहिलं. बातम्या देणाऱ्या बाईचे ओठ आधी हलत होते आणि शब्द मागून येत होते. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान केला जातो, मग पाठवला जातो, मग हेडफोनमध्ये पुन्हा उलगडला जातो. यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात, म्हणजे पाव सेकंदापर्यंत. आपल्याला ते नुसतं खटकतं. पण ज्याला कमी ऐकू येतं तो माणूस नकळत ओठ वाचत असतो. कान आणि डोळे वेगवेगळं सांगायला लागले की त्याचा तो आधारच जातो. आत्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज मागेपुढे करता येतो, असं कुणीतरी सांगतंच. बहुतेक टीव्हींत तो फक्त आणखी मागे ढकलता येतो. मागे पडलेला आवाज पुढे ओढायची सोय त्यात नसते. कमी विलंबाचं ब्लूटूथ मिळतं, पण ती सोय पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या अशा दोन्ही टोकांना असावी लागते. नुसते महाग हेडफोन घेऊन काही होत नाही.

रेडिओलहरींवर चालणाऱ्या खास टीव्हीच्या हेडफोनमध्ये डॉक, म्हणजे हेडफोन ठेवून चार्ज करायचा स्टँड, हाच आवाज पाठवणारा ट्रान्समीटर असतो. तो एकदा टीव्हीमागे जोडला की कायमचा. जुन्या धाटणीच्या अॅनलॉग सेटमध्ये विलंब जवळपास नसतोच. डिजिटल सेटमध्ये असतो तो इतका कमी की जाणवत नाही. अॅनलॉगमध्ये मागे बारीक सूं-सूं असा आवाज ऐकू येतो, खोली बदलली तर खरखर वाढते, हे मान्य. शिवाय हे हेडफोन टीव्हीपुरतेच, फोनला लागत नाहीत. मला तो गुणच वाटतो. ब्लूटूथचे हेडफोन एक दिवस कुणाच्यातरी मोबाइलला चिकटतात, आणि मग सत्तरीपुढच्या माणसाने मेनूत शिरून ते सोडवायचे! उचलून कानाला लावणं आणि झालं की डॉकवर ठेवणं, याहून जास्त काही त्या माणसाच्या वाट्याला येता कामा नये. फार तर एखादं बटण.

या हेडफोनपेक्षा दुसरं काही खरंच बरं पडतं ते एकाच ठिकाणी. श्रवणयंत्रातच वायरलेस सोय असेल, तर त्याच कंपनीचा टीव्हीला जोडायचा डबा मिळतो का ते आधी बघा. मग वरून हेडफोन लागतच नाहीत.

डॉकला वीज कुठून दिली आहे?

आत्याकडे मग मी रेडिओलहरींवाल्या हेडफोनचा सेट लावला. पहिला आठवडा छान गेला. मग "अर्ध्या तासात टिंगटिंग वाजून बंद पडतात" अशी तक्रार सुरू झाली. बॅटरी वाईट आली असेल म्हणून मी बॅटरी बदलली. दोन दिवस बरे चालले, मग पुन्हा तेच. डॉकच्या धातूच्या पट्ट्या पुसल्या, हेडफोन नीट बसतात का ते दहा वेळा पाहिलं. दुपारी जाऊन बघायचो तेव्हा डॉकचा दिवा लागलेला असायचा, म्हणजे चार्जिंगही व्यवस्थित.

उत्तर सापडलं ते एकदा रात्री तिथे राहिलो तेव्हा. टीव्ही बंद झाला, आत्याने हेडफोन अगदी शिस्तीत डॉकवर ठेवले, आणि डॉकचा दिवा विझला. सुटसुटीत दिसावं म्हणून डॉकची वायर मीच टीव्हीच्या यूएसबीत खोचली होती! टीव्ही बंद झाला की त्या यूएसबीची वीजही बंद. आता हिशेब बघा. टीव्ही चालू असतो तेव्हा हेडफोन आत्याच्या कानाला, आणि हेडफोन डॉकवर असतात तेव्हा डॉक मेलेला. चार्जिंगचा वेळ जवळजवळ शून्य. मी दुपारी टीव्ही लावून तपासायचो, म्हणून मला दिवा लागलेला दिसायचा.

टीव्हीचा मुख्य खटका रात्री बंद करायची सवय असेल आणि डॉक त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर असेल, तरी हेच होतं. ओळखायचं सोपं आहे: टीव्ही आणि खटके रोजच्यासारखे बंद करा, हेडफोन डॉकवर ठेवा आणि चार्जिंगचा दिवा बघा. मी आता डॉकसोबत आलेला अॅडॉप्टरच वापरतो, वेगळ्या सॉकेटमध्ये लावतो आणि त्या खटक्यावर चिकटपट्टी मारतो. दिसायला घाण, पण त्यानंतर आत्याचा फोन आलेला नाही.

वायर लावली, आवाजच नाही

ऑप्टिकल वायरने जोडलंत आणि शांतता किंवा नुसती कटकट ऐकू आली, तर आधी वायरीच्या टोकांवरची प्लास्टिकची इवलीशी टोपणं काढलीत का ते पाहा. हसू नका, मीही विसरलोय. मग टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट `PCM` करा. तिथे `Auto` किंवा `Dolby Digital` असेल तर बऱ्याच डॉकना ती भाषा कळत नाही. गंमत म्हणजे काही चॅनेलवर आवाज येतो आणि काहींवर येत नाही, म्हणून लोक चॅनेलला दोष देत बसतात.

ऑप्टिकल सोडून टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात वायर घातली, तर अनेक टीव्हींचे स्पीकर गप्प होतात आणि बाकीचं घर मुकाट चित्रं बघतं. तिथून जाणारा आवाज फार बारीक ठेवला तर डॉकला वाटतं टीव्ही बंद आहे, आणि तो मध्येच झोपी जातो. टीव्हीचा हेडफोनचा आवाज अर्ध्याच्या बराच वर ठेवा आणि कमी-जास्त करायचं ते कानावरच्या चाकाने. कानाला लावण्याआधी मात्र ते चाक पूर्ण खाली आणा.

उरलेलं थोडक्यात

कानामागचं श्रवणयंत्र असेल तर कानावर दाबून बसणारी उशी शिट्टी वाजवते. पूर्ण कान झाकणारी मोठी घ्या आणि आधी लावून पाहा.

काही हेडफोन पट्टी ताणली की आपोआप चालू होतात. ते खुंटीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर ताणून अडकवले तर रात्रभर चालूच राहतात.

सेल बदलायचे असतील तर पुस्तिकेत लिहिलेले रिचार्जेबलच टाका. साधे सेल डॉकवर चार्ज झाले तर गळतात, क्वचित फुटतातही. "तात्पुरते टाकले" म्हणणाऱ्यांचे दोन सेट मी आतून हिरवे झालेले पाहिलेत.