एकट्या राहिलेल्या सासऱ्यांना रोजचा मेसेज : या चुका टाळा

लातूर-धाराशिवकडच्या बऱ्याच घरांत पुण्या-मुंबईच्या मुलांचा फोन आला की तो सासूबाईच घेतात. पाऊस, दुखणं, भावकीतलं लग्न, शेतात काय चाललंय, सगळं त्यांच्याच तोंडून कळतं. सासरे पलीकडच्या खाटेवरून "बरं हाय म्हणावं" एवढंच सांगतात. सासूबाई गेल्यावर घरातलं एक माणूस जातं आणि सासऱ्यांची खबर ज्या वाटेने यायची ती वाटही बंद होते. तेराव्यानंतर मुलं-सुना परत जातात आणि रोज मेसेज करायचं ठरवतात. पहिले काही आठवडे तो जातो, त्याला "हो", "बरं", हात जोडलेलं चित्र अशी उत्तरं येतात, आणि हळूहळू ते सगळं थांबतं. हे का थांबतं आणि त्यावर काय करता येतं, ते मी माझ्या मावसबहिणीच्या घरच्या उदाहरणावरून सांगते. तिचे सासरे औसा तालुक्यातल्या एका गावात एकटेच राहतात. त्यांच्याकडे साधा स्मार्टफोन आहे, चार एकर कोरडवाहू रान आहे, आणि जेवणाचा डबा पुतण्याच्या घरून येतो.

"जेवलात का?" हा रोजचा प्रश्न

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मायेपोटीच होते. "मामा, जेवलात का? गोळी घेतली का?" याला दोनच उत्तरं आहेत, आणि त्यातलं "नाही" सुनेला कळवण्याचा सासऱ्यांना संकोच वाटतो. म्हणून न जेवताही "हो" येतं. शिवाय रोज तोच प्रश्न आला की ती हजेरी होते, आणि उभं आयुष्य घर चालवलेल्या माणसाला सुनेपुढे हजेरी देणं जड जातं.

त्याऐवजी असं काही विचारावं, ज्याचं उत्तर फक्त त्यांच्याकडेच आहे आणि जे चार शब्दांत देता येतं. माझ्या बहिणीने प्रश्न रानाकडे वळवले. जूनमध्ये "मामा, पेरणीजोगी ओल झाली का?", श्रावणात "सोयाबीनवर अळी दिसतीय का?", दिवाळीच्या सुमारास "लातूरच्या आडतीत सोयाबीनचा भाव काय निघाला?", आणि पौषात "तूर काढायला आली का?" पहिल्याच आठवड्यात "हो-बरं"च्या जागी "औंदा उशीर हाय. खालच्या वावरात लोकं पेरणी करूलालेत, आपण थांबलाव" असं उत्तर आलं. या एका ओळीवरून ते वावरापर्यंत चालत गेले होते, शेजाऱ्यांशी बोलले होते आणि पुढचा विचार करत होते, हे तिला कळलं. जेवणाची चौकशी डबा देणाऱ्या जाऊबाईंकडेच करावी. डबा किती रिकामा परत येतो, हे त्यांना दिसतंच.

सासरे मास्तर किंवा एसटीत कंडक्टर असतील तर प्रश्न त्या कामातला असावा. सासूबाई एकट्या असतील तर भिशी, भजनी मंडळ, पापड-कुरडयांचं वाळवण यातला असावा. मात्र उत्तर आल्यावर त्यावर एक ओळ लिहायला हवी. त्यांनी भाव कळवला आणि पलीकडून नुसता अंगठा गेला, तर पुढच्या वेळी ते कळवणार नाहीत.

घरच्या ग्रुपवर सगळी भिस्त

ग्रुपवर पंधरा जण असतात. कुणाचा वाढदिवस, कुणाचा निकाल, त्यात "मामा, तब्येत कशी आहे?" हा मेसेज वर सरकून जातो. आणि ग्रुपवर विचारलेलं आपल्यालाच विचारलंय असं ज्येष्ठ माणसाला वाटत नाही. मेसेज त्यांच्या एकट्याच्या नंबरवर जावा. तो रोज कोण पाठवणार, हेही घरात ठरवून घ्यावं. नाहीतर मुलाला वाटतं बायकोने केला, सुनेला वाटतं नणंदेने केला. बहिणीच्या घरात सोमवार ते शुक्रवार ती, शनिवारी नणंद आणि रविवारी मुलाचा फोन अशी वाटणी आहे. वेळ त्यांच्या दिवसाकडे बघून ठरवलीय. सकाळी रानातून येऊन ते पारावर बसतात तेव्हा, म्हणजे नऊच्या सुमारास. आपण ऑफिसातून सुटल्यावर रात्री साडेनऊला पाठवलेला मेसेज गावात झोपलेल्या माणसाला जातो.

सासूबाईंच्या नंबरचाही विचार याच वेळी करावा. त्यांचं व्हॉट्सॲप बराच काळ, साधारण १२० दिवस, कुणी वापरलं नाही तर खातं आपोआप बंद होतं, आणि त्यांचं नाव ग्रुपमधून निघून गेलेलं दिसतं. सासऱ्यांना हे अचानक दिसण्यापेक्षा आधी कुणीतरी समोर बसून सांगितलेलं बरं. त्यांच्या फोनमध्ये सासूबाईंच्या आवाजातले जुने मेसेज असतील तर पुढच्या भेटीत ते दुसरीकडे उतरवून ठेवावेत. फोन बिघडला किंवा बदलला तर ते सहज जातात.

लांबलचक लिहिणं

मोतीबिंदू, बारीक अक्षर, उन्हातली काचेवरची चकाकी, यात चार ओळींचा मेसेज वाचलाच जात नाही. बोलून पाठवलेला मेसेज चांगला चालतो, पण तो वीस-तीस सेकंदांचा असावा आणि त्यात एकच गोष्ट असावी. "पाऊस झाला का, आणि बँकेचं पासबुक भरून आणा, आणि परवा अमका येणार आहे" असं एकात कोंबलं की उत्तर फक्त पहिल्याचं येतं. वयाने ऐकू कमी येऊ लागलं की आधी बारीक, उंच आवाज हरवतात. म्हणून मोठ्याने ओरडण्यापेक्षा जरा खालच्या पट्टीत, सावकाश बोलावं आणि मागे टीव्ही नसावा. उत्तरही बोलूनच द्यायला सांगावं. माइकचं बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं, एवढंच त्यांना शिकवायला लागतं. बोललेल्या उत्तरातून धाप, खोकला, जड झालेली जीभ हे सगळं ऐकू येतं. टाइप केलेल्या "बरं"मधून यातलं काहीच कळत नाही.

उत्तर आलं नाही म्हणून घाबरणं, किंवा सोडून देणं

दोन्ही चुका सारख्याच आहेत, आणि टिका नीट वाचल्या तर दोन्ही टळतात. एकच करडी टिक म्हणजे मेसेज त्यांच्या फोनपर्यंत पोचलाच नाही. फोन बंद आहे, रेंज नाही किंवा नेट बंद आहे. दोन करड्या टिका म्हणजे पोचला, पण उघडलेला नाही. दोन्ही निळ्या म्हणजे उघडला. पाहिल्याची खूण सेटिंगमधून बंद असेल तर अक्षरी मेसेजच्या टिका निळ्या होत नाहीत, पण आवाजाचा मेसेज ऐकला की त्यावरचा माइक निळा होतोच. त्यासाठीही आवाजाचाच मेसेज बरा.

एका मंगळवारी बहिणीचा मेसेज दुपारपर्यंत एकाच टिकेवर होता. आदल्या रात्री गावात वारं-वावधान झालं होतं. तिने आधी साधा फोन लावला. तो वाजला, पण कुणी उचलला नाही. फोन वाजतोय म्हणजे तो चालू आहे आणि रेंजही आहे, मग नेटच बंद असणार, एवढं तिच्या लक्षात आलं. अर्ध्या तासाने पुन्हा लावून पाहिला आणि नंतर पुतण्याला विचारलं. मामा फोन घरी चार्जिंगला लावून वावरात गेले होते, आणि २८ दिवसांचं रिचार्ज आदल्या रात्री संपलं होतं. पॅक संपलं की नेट लगेच थांबतं, पण येणारे फोन बऱ्याचदा काही दिवस चालू राहतात. शिवाय २८ दिवसांचं पॅक महिन्यागणिक दोन-तीन दिवस अलीकडे सरकत जातं, त्यामुळे तारीख कुणाच्याच लक्षात राहत नाही. तिने त्याच संध्याकाळी पुण्यातून ८४ दिवसांचं पॅक टाकलं आणि संपण्याच्या दोन दिवस आधीची आठवण स्वतःच्या फोनमध्ये लावली.

हा क्रम प्रत्येक घराने आधीच ठरवून ठेवावा. टिक बघायची, साधा फोन करायचा, थोड्या वेळाने पुन्हा करायचा, मग शेजारी किंवा भावकीतल्या एका ठरलेल्या माणसाला घरी जाऊन बघायला सांगायचं. त्या माणसाकडे घराची किल्ली असावी, आणि हे सगळं सासऱ्यांनाही माहीत असावं. नाहीतर "माझ्यावर पाळत ठेवलीय" असं वाटून ते दुखावतात. फोन बंद आहे आणि शेजाऱ्यालाही दार उघडत नाही, अशी वेळ आलीच तर १०८ किंवा ११२ ला फोन करायचा. त्यासाठी गावाचं नाव, तालुका आणि घराजवळची खूण लिहून ठेवावी. पुण्यात बसलेल्या माणसाला ऐन वेळी ते नेमकं सांगता येत नाही.

आत्यांचं नाव टाळणं

दुःख उकरायला नको म्हणून सगळे सासूबाईंचा विषय टाळतात. सासरेही टाळतात. मग ज्या माणसाभोवती घर फिरत होतं त्याचाच उल्लेख कुठल्याच बोलण्यात येत नाही. माझ्या बहिणीने तीन-चार महिन्यांनी एक फोटो पाठवला : "मामा, आज आत्यांसारखी येसर आमटी केली. आमसूल जास्त झालं." प्रश्न काही नव्हता. संध्याकाळी दीड मिनिटाचं उत्तर आलं. आत्या येसरात काय काय भाजायच्या आणि आमसूल कधी टाकायच्या, हे त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा एवढा लांब मेसेज तोवर आला नव्हता. असा मेसेज रोज नको, पण महिन्यातून एखादा जावा.

याच्या उलट चूक म्हणजे पहिल्या वर्षात सणाचे तयार मेसेज पुढे ढकलणं. घरात दुखवटा असताना दिव्यांची चित्रं आणि "आनंदी आनंद" पाठवला तर त्यांना वाटतं, यांना आठवणच नाही. कालनिर्णय घेऊन सासूबाईंची मासिक तिथी, दिवाळी, संक्रांत आणि आपल्याकडची येळवस या तारखांवर खूण करून ठेवावी. येळवस मला सगळ्यात अवघड वाटते. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी अख्खं घर वावरात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी, आंबील आणि उंडे घरच्या बाईच्या हातचे असतात. त्या दिवशी मेसेजवर भागवू नये. जाणं जमत नसेल तर आदल्या दिवशी "उद्या कुणासोबत वावरात जाणार?" हे विचारून घ्यावं, आणि कुणीच नसेल तर पुतण्याच्या घरी सांगून त्यांना सोबत न्यायला लावावं.

बदल नजरेतून सुटणं

दोन-तीन महिने मेसेज चालले की त्यांची एक लय कळते. ती मोडली तर लक्ष द्यावं. नऊला उत्तर देणारा माणूस पहाटे तीन-साडेतीनला देऊ लागला तर झोप उडालीय. कालच सांगितलेला भाव आज पुन्हा नवीन म्हणून सांगतोय, रानाचा विषय काढला तरी "काय करायचं आता" एवढंच म्हणतोय, आवाज खोल गेलाय, असं दोन आठवडे टिकलं तर मेसेजने ते सुटणार नाही. तेव्हा सुट्टी काढून गावी जावं, गोळ्यांची पाकिटं मोजून बघावीत आणि त्यांना तालुक्याच्या डॉक्टरकडे घेऊन जावं. जीभ अचानक जड वाटली किंवा बोलणं एकाएकी अडखळलं तर दोन आठवडेच काय, दोन तासही थांबू नये. लगेच किल्ली असलेल्या माणसाला फोन करावा आणि १०८ बोलवावी.