अ‍ॅपचं नाव: आधी वाचून घ्या, मग टाइप करून घ्या

अ‍ॅपसाठी नवा शब्द घडवताना जोडाक्षरं टाळा. Strelvo हे नाव घ्या. स्पॅनिश माणूस सुरुवातीला ‘ए’ लावून ‘एस्त्रेल्बो’ म्हणेल, कारण स्पॅनिश शब्दाच्या सुरुवातीला ‘स्त्र’ सारखं जोडाक्षर येत नाही, आणि तिथे v चा उच्चारही ब होतो. जपानीत प्रत्येक जोडाक्षर फुटून ‘सुतोरेरुबो’ होईल. Tanimo मात्र जवळपास तसंच राहतं: एक व्यंजन, एक स्वर. इंग्रजीत स्वर थोडे बदलतील, तेवढं चालतं. j टाळाच, जर्मनमध्ये तो य, स्पॅनिशमध्ये ह सारखा.

पारखायचं कसं? नाव स्वतः उच्चारू नका, नुसतं लिहून दाखवा. वाचणाऱ्याचा आवाज रेकॉर्ड करून दुसऱ्या भाषेच्या माणसाला ऐकवा आणि टाइप करायला सांगा. स्पेलिंग वेगळं आलं, तर स्टोअरमध्ये शोधतानाही तेच होणार.