स्वीप-इन ठेव की साधे बचत खाते? पासबुक समोर ठेवून हिशेब कसा करावा

मागच्या वर्षी ओळखीतल्या एका शिक्षिकेने मला तिच्या खात्याचे स्टेटमेंट दाखवले. बँकेत कुणीतरी सांगितले म्हणून तिने ऑटो-स्वीप सुरू केले होते, म्हणजे खात्यातली ठरावीक मर्यादेवरची रक्कम बँक आपणहून मुदत ठेवीत वळवते आणि लागेल तेव्हा परत आणते. 'पैसे बचत खात्यातच राहतील आणि व्याज मात्र मुदत ठेवीचे मिळेल', एवढेच तिला सांगितले होते. वर्षअखेरीस व्याज बघितले तर अपेक्षेच्या निम्मेही नव्हते. स्टेटमेंटवर बोट ठेवत खाली गेलो तसे कारण दिसत गेले. २ तारखेला ३८,००० रुपये ठेवीत गेले, ५ तारखेला घराच्या कर्जाचा हप्ता आला, त्यासाठी त्याच ठेवीतून २२,००० परत आले. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. ते २२,००० ठेवीत जेमतेम तीन दिवस राहत होते. मुदत ठेव सात दिवसांच्या आत मोडली तर तिच्यावर काहीच व्याज मिळत नाही. तेच २२,००० बचत खात्यात राहिले असते, तर रोजच्या शिल्लकीवर थोडे का होईना, व्याज मिळाले असते.

तेव्हा स्वीप चांगले की बचत खाते चांगले, याचे उत्तर बँकेच्या दरफलकावर सापडत नाही. तुमचे पैसे खात्यात किती दिवस हलत नाहीत, यावर ते ठरते. ते कसे काढायचे, ते पुढे सांगतो.

पहिली पायरी : कोणते पैसे खरोखर पडून आहेत ते शोधा

नेटबँकिंगमधून मागच्या बारा महिन्यांचे स्टेटमेंट काढा. एका कागदावर प्रत्येक महिन्यातली सर्वांत कमी शिल्लक लिहा. महिनाअखेरची शिल्लक नको, सरासरीही नको. ज्या दिवशी खाते सर्वांत रिकामे होते, त्या दिवशीचा आकडा हवा. मग बारा आकड्यांतला सर्वांत लहान निवडा. एवढी रक्कम वर्षभरात एकदाही लागलेली नाही.

या शिक्षिकेचे बारा आकडे दोन लाखांच्या आसपास होते. जूनमध्ये मुलाची फी भरल्यावर मात्र शिल्लक १,८२,००० वर आली होती. म्हणजे साधारण १,८०,००० रुपये तिचे खरे पडून असलेले पैसे. त्याच्या वरचे पैसे येणारे-जाणारे. पगार, हप्ता, किराणा, फी यांचे. या दोन ढिगांना एकच नियम लावला की हिशेब चुकतो, आणि ऑटो-स्वीप नेमके तेच करते.

दुसरी पायरी : कोणत्या प्रकारचे स्वीप आहे ते विचारा

एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एका प्रकारात तुम्ही मर्यादा ठरवता आणि तिच्या वरची रक्कम बँक आपणहून ठेवीत वळवते. काही बँका हे रोज करतात, काही आठवड्यातल्या ठरावीक दिवशी. दुसऱ्या प्रकारात ठेव तुम्ही स्वतः करता आणि ती बचत खात्याला जोडता. खात्यात पैसे कमी पडले की लागेल तेवढेच त्या ठेवीतून येतात, बाकीची ठेव ठरलेल्या दराने चालू राहते. स्टेट बँकेत या जोडलेल्या ठेवीला मल्टी ऑप्शन डिपॉझिट म्हणतात, बोलताना नुसते 'मॉड'. तिथे ठेव किमान १०,००० रुपयांची लागते आणि मोडताना पैसे हजाराच्या पटीत निघतात.

माझे मत दुसऱ्या प्रकाराच्या बाजूने आहे. किती पैसे ठेवीत जायचे हे त्यात आपण ठरवतो, पगाराची तारीख ठरवत नाही.

बँकेत आणखी एक गोष्ट विचारून घ्या : ठेव किती रुपयांच्या पटीत मोडते? कुठे एक रुपयाच्या पटीत मोडते, कुठे हजाराच्या, तर कुठे त्याहून मोठ्या. पट मोठी असेल तर दोन हजारांच्या गरजेसाठी मोठा तुकडा मोडतो.

तिसरी पायरी : मोडलेल्या ठेवीचा खरा दर काढा

सगळा गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू. समजा ठेव एका वर्षासाठी सव्वासहा टक्क्यांनी केली आणि मधेच मोडली. मोडलेल्या रकमेवर सव्वासहा टक्के मिळत नाहीत. ती रक्कम जितके दिवस राहिली, तितक्या दिवसांच्या ठेवीला जो दर होता तो लागतो आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दंड वजा करतात. काही बँका स्वीपच्या ठेवीवर दंड घेत नाहीत, पण ते लेखी पाहिल्याशिवाय गृहीत धरू नये.

आता ६०,००० रुपये घेऊ. दर उदाहरणापुरते धरले आहेत, तुमच्या बँकेचे त्या जागी घाला. बचत खात्याला अडीच टक्के धरतो. स्टेट बँकेने जून २०२५ मध्ये हाच दर आणला. दंड अर्धा टक्का.

पैसे २५ दिवसांनी लागले. तेवढ्या दिवसांच्या ठेवीचा दर ३ टक्के, दंड जाऊन अडीच. व्याज १०३ रुपये. बचत खात्यातही १०३ रुपयेच मिळाले असते. दंड एक टक्का असता तर ठेवीचे ८२ रुपये, म्हणजे तोटाच.

पैसे ७० दिवसांनी लागले. दर पावणेपाच, दंड जाऊन सव्वाचार. व्याज ४८९ रुपये. बचत खात्यात २८८. फायदा दोनशे रुपयांचा.

पैसे ३०० दिवसांनी लागले. दर पावणेसहा, दंड जाऊन सव्वापाच. व्याज २,५८९ रुपये. बचत खात्यात १,२३३. इथे मुदत पुरी न होताही साडेतेराशे रुपये जास्त मिळाले.

यावरून साधारण रेषा दिसते. दीड महिन्याच्या आत लागणारे पैसे बचत खात्यात असले काय, स्वीपमध्ये असले काय, फरक जवळजवळ शून्य. तीन महिन्यांच्या पुढे फरक जाणवायला लागतो. आणि शिक्षिकेचे ते १,८०,००० पूर्ण वर्ष न मोडता राहिले, तर बचत खात्यात ४,५०० आणि ठेवीत तिमाही चक्रवाढ धरून सुमारे ११,५०० रुपये होतात. सात हजारांचा हा फरक जवळजवळ सगळा न हलणाऱ्या पैशांतून येतो. पगाराचे पैसे स्वीपमध्ये फिरवून त्यात भर पडत नाही.

चौथी पायरी : आधी कोणती ठेव मोडेल ते पाहा

जोडलेल्या दोन-तीन ठेवी असतील तर पैसे कमी पडल्यावर बँक आधी कुठली मोडते? दोन पद्धती आहेत : शेवटी केलेली आधी मोडणे किंवा सर्वांत जुनी आधी मोडणे. स्टेट बँकेत आपण काही न सांगितल्यास शेवटची ठेव आधी मोडते. सांगितले तर जुनी आधी मोडण्याचा पर्याय मिळतो.

समजा एक ठेव जानेवारीत केली, एक जूनमध्ये, आणि जुलैत पैसे लागले. जूनची मोडली तर महिन्याभराचे थोडेसे व्याज कमी होते, जानेवारीची सहा महिने पिकलेली ठेव तशीच राहते. जानेवारीची मोडली तर सहा महिन्यांच्या व्याजाचा दर खाली येतो, वर दंडही. म्हणून बहुतेकांना शेवटची आधी हीच पद्धत बरी. व्याजदर उतरत असतील तर आणखीच बरी, कारण जास्त दराची जुनी ठेव हात न लागता राहते.

पाचवी पायरी : कर धरून पुन्हा बघा

स्वीपचे पैसे बचत खात्यातून दिसत असले तरी कायद्याच्या नजरेत ते मुदत ठेवीचे व्याज आहे. जुन्या करपद्धतीत साठ वर्षांखालील माणसाला बचत खात्याच्या व्याजावर वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. ठेवीच्या व्याजाला ती लागू नाही. ज्येष्ठ नागरिकांना मात्र जुन्या पद्धतीत ५०,००० पर्यंतची वजावट दोन्हींना मिळून आहे. नव्या करपद्धतीत या दोन्ही वजावटी नाहीत, म्हणून तिथे दोन्ही व्याजांवर सारखाच कर लागतो.

शिक्षिका जुन्या पद्धतीत, वीस टक्क्यांच्या टप्प्यात. उपकर धरून ११,५०० वर सुमारे २,४०० कर जातो, हातात ९,१०० राहतात. बचत खात्याचे ४,५०० पूर्ण करमुक्त. तरीही ठेव पुढेच राहते, पण फरक सात हजारांवरून साडेचार हजारांच्या आसपास येतो. ७० दिवसांच्या तुकड्यावरचा दोनशेचा फायदा असा कर गेल्यावर शंभराच्या आसपास उरतो.

एका बँकेतले ठेवींचे व्याज वर्षाला ५०,००० च्या वर गेले, ज्येष्ठांसाठी एक लाखाच्या वर, तर बँक टीडीएस कापते. एप्रिल २०२५ पासून या मर्यादा आहेत. टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही असे मात्र नाही, ते व्याज विवरणपत्रात दाखवावेच लागते.

सुरक्षेत दोन्हींत फरक नाही. एका बँकेतले बचत खाते आणि ठेवी मिळून, व्याजासह, पाच लाखांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवींना हा विमा लागू नाही. तिथे स्वीपसारखी योजना आणि आकर्षक दर दिसला तर ही गोष्ट लक्षात ठेवावी.

सुरू केल्यावर काय बघायचे

दोन महिन्यांनी स्टेटमेंट पुन्हा उघडा आणि ठेवीत गेलेल्या व परत आलेल्या नोंदी जोड्याजोड्यांनी वाचा. एखादी रक्कम जाऊन आठवड्यात परत आलेली दिसली तर ऑटो-स्वीपची मर्यादा कमी पडते आहे. ती महिन्याच्या सगळ्या खर्चाइतकी आणि वर थोडी अशी ठेवा. घरात दुसरे कोणी पासबुक बघत असेल तर त्यांना आधी सांगा, कारण ठेवीत गेलेली रक्कम बचतीच्या शिल्लकीत दिसेलच असे नाही, आणि माणूस घाबरतो. किमान शिल्लक राखण्याची अट असलेल्या खात्यात ठेवीतली रक्कम त्यात धरतात का, हेही विचारा. धरत नसतील तर दंड व्याजाहून मोठा होऊ शकतो.

मुदत संपल्यावर ठेव आपोआप नव्याने होते तेव्हा त्या दिवसाचा दर लागतो, जुना नाही. ती तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका.

शिक्षिकेने शेवटी ऑटो-स्वीप बंद केले. १,८०,००० च्या ऐवजी दीड लाखाच्या, पन्नास-पन्नास हजारांच्या तीन जोडलेल्या ठेवी केल्या, आणि बाकीचे पैसे बचत खात्यातच राहू दिले. जूनमध्ये फी नेहमीपेक्षा जास्त आली तेव्हा शेवटच्या ठेवीतून फक्त ९,००० गेले. आता तिच्या स्टेटमेंटवर ठेवीची महिन्याला एकही नोंद नसते.