रोआस २.६, तरी बँकेत खडखडाट: ब्रेक-इव्हन काढताना या चुका टाळा

ओळखीतली एक ताई पुण्यातून कॉटनच्या कुर्ती ऑनलाइन विकते. दुकान शॉपिफायवर, जाहिराती इन्स्टाग्राम-फेसबुकवर. गेल्या दिवाळीनंतर तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "दादा, बघा ना, २.६ रोआस येतोय. माझा ब्रेक-इव्हन पावणेदोन आहे. मग पैसे जातात कुठे?"

रोआस म्हणजे जाहिरातीवर घातलेल्या एका रुपयामागे किती रुपयांची विक्री झाली तो आकडा. ब्रेक-इव्हन रोआस म्हणजे ज्या आकड्यावर नफाही नाही आणि तोटाही नाही. पावणेदोन तिने कसा काढला ते आधी बघू. कुर्तीची किंमत १,१९९ रुपये. माल ४२०, कुरिअर ७५, पॅकिंग २०. उरले ६८४. १,१९९ भागिले ६८४, म्हणजे १.७५. गणित बरोबर आहे, पण ते ज्या ऑर्डरचं आहे तशी ऑर्डर तिच्या धंद्यात क्वचितच येते. ही ऑर्डर जीएसटीशिवायची आहे, पहिल्याच फेरीत पोचते आणि कधीच परत येत नाही.

एका ऑर्डरचं नको, शंभर ऑर्डरचं गणित मांडा

सगळ्यात मोठी चूक हीच. एका विकल्या गेलेल्या नगावरून काढलेला ब्रेक-इव्हन सीओडीच्या, म्हणजे पार्सल हातात पडल्यावर पैसे घेण्याच्या धंद्यात कामाचा नाही, कारण जाहिरातीचे पैसे ऑर्डर पडताच खर्च झालेले असतात आणि विक्रीचे पैसे मात्र पार्सल ग्राहकाकडे टिकलं तरच येतात. ॲड्स मॅनेजरला, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींच्या डॅशबोर्डला, पार्सल परत आलेलं कळत नाही. ऑर्डरनंतरचं 'थँक यू' पान उघडलं की त्याच्या लेखी १,१९९ ची विक्री झाली.

म्हणून शंभर ऑर्डर घ्या आणि त्यांचं शेवटी काय झालं ते लिहा. ताईचे आकडे (थोडे गोल केलेत) असे होते. शंभरातल्या ७० सीओडी, ३० प्रीपेड. आरटीओ, म्हणजे ग्राहकाच्या हातात न पडताच माघारी फिरलेली पार्सलं, २२. त्यात २० सीओडीची होती. पोचलेल्या ७८ मधल्या ८ जणींनी माप बसलं नाही म्हणून कुर्ती परत केली. हिशेबाला उरल्या ७०.

आता खरा महसूल. १,१९९ मध्ये ५ टक्के जीएसटी आहे, तो सरकारचा. (२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आहे. आधी हजाराच्या वर १२ होता, तेव्हा जुनी शीट वापरत असाल तर तिथला दर बघून घ्या.) १,१९९ भागिले १.०५ म्हणजे १,१४२ रुपये. सत्तर कुर्तींचे ७९,९४०. इथे किमतीतून थेट ५ टक्के वजा करणारे बरेच भेटतात. कर किमतीत मिसळलेला असेल तर भागायचं असतं, वजा करायचं नसतं.

खर्च, जीएसटी वगळून:

| बाब | हिशेब | रुपये |
|---|---|---|
| टिकलेला माल | ७० × ४२० | २९,४०० |
| पॅकिंग | १०० × २० | २,००० |
| जायचं कुरिअर | १०० × ७५ | ७,५०० |
| सीओडी चार्ज | पोचलेल्या ५० × ३५ | १,७५० |
| पेमेंट गेटवे | ३० × २४ | ७२० |
| आरटीओचं कुरिअर | २२ × ६५ | १,४३० |
| ग्राहकाकडून परत आणणं | ८ × १०० | ८०० |
| विकण्याजोगा न राहिलेला माल | ४ × ४२० | १,६८० |
| एकूण | | ४५,२८० |

७९,९४० वजा ४५,२८०, म्हणजे ३४,६६० उरले. शंभर ऑर्डर मिळवायला जास्तीत जास्त एवढे जाहिरातीवर घालता येतात. आता भागाकार करताना वर खरा महसूल न ठेवता डॅशबोर्ड दाखवतो ती विक्री ठेवायची, कारण तुलना त्याच आकड्याशी करायची आहे:

```
ब्रेक-इव्हन रोआस = डॅशबोर्डवरची विक्री ÷ जाहिरातीसाठी उरलेली रक्कम
१,१९,९०० ÷ ३४,६६० = ३.४६
```

२.६ रोआसवर शंभर ऑर्डरना ४६,११५ रुपये लागतात. म्हणजे दर शंभर ऑर्डरमागे ११,४५५ रुपयांचा खड्डा, आणि तोही ऑर्डरी वाढतील तसा मोठा होणारा. ताईने दिवाळीत बजेट दुप्पट केलं होतं.

आरटीओची टक्केवारी नुसती भागून चालत नाही

हे दाखवल्यावर तिच्या भावाने लगेच शॉर्टकट काढला: "२२ टक्के परत येतात ना, मग १.७५ ला ०.७८ ने भागा. २.२४ आला." बरेच जण हेच करतात. यात विक्री कमी झाल्याचं धरलंय, पण परत आलेल्या पार्सलवर झालेला खर्च हवेत सोडलाय. परत आलेल्या प्रत्येक पार्सलने जाण्याचे ७५, येण्याचे ६५ आणि पॅकिंगचे २० असे १६० रुपये खाल्लेले असतात. ते पोचलेल्या कुर्तींनाच भरून काढावे लागतात. शिवाय ग्राहकांनी परत केलेल्या ८ आणि जीएसटी या शॉर्टकटमध्ये कुठेच नाहीत.

कुरिअरचा दर रेट कार्डातून घेणं

रेट कार्डावर असतो तो अर्ध्या किलोचा दर. बिल मात्र खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त असेल त्यावर येतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे ५,००० ने भागतात. ताईने मध्येच हौसेने कडक खोकी आणली होती, ३० × २५ × ८ ची. ६,००० भागिले ५,००० म्हणजे १.२ किलो. आत कुर्ती ३०० ग्रॅमची, बिल दीड किलोच्या टप्प्याचं! पुन्हा पिशवीवर आल्यावर दर ७५ ला उतरला. त्यामुळे दर घ्यायचा तो मागच्या महिन्याच्या बिलातून: एकूण रक्कम भागिले पार्सलं. वजनाच्या वादातून नंतर कापलेले पैसेही त्यात धरा.

"जाहिरातीचा जीएसटी परत मिळतोच"

हे वाक्य सगळे म्हणतात, आणि ५ टक्क्यांच्या मालाला ते जवळपास लागू पडत नाही. ॲड्स मॅनेजरमध्ये दिसणाऱ्या खर्चावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. नोंदणी आहे, बिलावर जीएसटी नंबर आहे, म्हणजे इनपुट क्रेडिट मिळतं, भरलेला जीएसटी ग्राहकांकडून घेतलेल्या जीएसटीतून वळता करता येतो, इथपर्यंत ठीक. पण ते क्रेडिट वापरायचं कशावर?

शंभर ऑर्डरमध्ये ताईला ग्राहकांकडून आलेला जीएसटी ७० × ५७, म्हणजे जेमतेम ४,००० रुपये. त्यातले सुमारे १,४७० मालावरच्या क्रेडिटमध्ये वळते होतात. कुरिअर, सीओडी आणि गेटवे यांच्या १२,२०० वरचे १८ टक्के म्हणजे २,१९६ आणखी. उरले तीन-साडेतीनशे. जाहिरातीच्या ३४,६६० वरचा जीएसटी आहे ६,२३९. बाकीचा सगळा क्रेडिट लेजरमध्ये पडून राहतो आणि दर महिन्याला फुगत जातो.

रिफंड मागता येईल असं वाटतं. पण उलट्या करदराच्या, म्हणजे खरेदीवरचा दर विक्रीवरच्या दरापेक्षा जास्त असतानाच्या रिफंडचं सूत्र सीजीएसटी नियम ८९(५) मध्ये आहे आणि त्यात मालावरचं क्रेडिट धरतात, सेवांवरचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये व्हीकेसी फूटस्टेप्सच्या खटल्यात हा नियम कायम ठेवला. जाहिरात आणि कुरिअर दोन्ही सेवाच.

म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयाला खिशातून जवळपास १.१८ जातात. तसं धरलं तर ताईचा ब्रेक-इव्हन ३.४६ वरून ४.०८ वर जातो. तुमचा माल १८ टक्क्यांचा असेल तर मात्र क्रेडिट बहुतेक खपतं आणि ही भीती नाही. स्वतःचं कळायला सोपी खूण आहे: जीएसटी पोर्टलवर क्रेडिट लेजरमधली शिल्लक सहा महिने सलग वाढत असेल, तर जाहिरातीचा खर्च करासकट धरा. आणि हो, परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट निघतेय ना, हे सीएला विचारा. ती निघाली नाही तर ७० ऐवजी शंभर ऑर्डरचा कर भरला जातो.

याच महिन्याचे रिटर्न, याच महिन्याची विक्री

आरटीओ पार्सल घरी यायला दोन-तीन आठवडे सहज लागतात. नोव्हेंबरमध्ये परत आलेल्या पार्सलांना नोव्हेंबरच्या ऑर्डरींनी भागलं, तर तुम्ही वाढत्या विक्रीला जुन्या, लहान महिन्याचे रिटर्न लावताय. धंदा वाढत असताना आरटीओ १५ टक्के दिसतो, आणि जाहिरात थांबवली की अचानक ३५. दोन्ही खोटे. ऑर्डरच्या तारखेने गट करा आणि किमान ४५ दिवस जुना गट घ्या. त्यातल्या एकाही पार्सलचं स्टेटस 'इन ट्रान्झिट' उरलं नसेल तरच आकडा पक्का.

कूपन लावलं की हे सगळं गणित पुन्हा करावं लागतं. १० टक्के सूट दिली की किंमत १,०७९ होते, खर्च जवळपास तेवढाच राहतो, आणि कराचा वरचा मुद्दा बाजूला ठेवला तरी ३.४६ चा ४.०४ होतो. कूपनने रोआस २.६ वरून ३ झाला म्हणून खूश होणारे पुष्कळ.

आरटीओ कमी केला म्हणजे नेमकं काय केलं?

ताईने मग सीओडी ऑर्डरींना फोन करून खात्री करायला सुरुवात केली. तिचा आरटीओ २२ वरून १२ वर आला असं धरू. ती म्हणाली, आता ब्रेक-इव्हन २.८ असेल. तो असेलही, पण ते दहा जण कुठे गेले यावर ते ठरतं. अपुरा पत्ता फोनवर दुरुस्त झाला, पार्सल पोचलं आणि टिकलं, तर उरलेली रक्कम ३४,६६० वरून ४२,१८० च्या आसपास जाते आणि ब्रेक-इव्हन खरंच २.८४ होतो. पण "नको, चुकून बुक झालं" म्हणून ऑर्डर पाठवण्याआधीच रद्द झाल्या असतील, तर वाचले फक्त १६० गुणिले दहा. विक्री ७० चीच राहिली. तेव्हा ब्रेक-इव्हन ३.३१, कारण त्या दहा ऑर्डरींचे जाहिरातीचे पैसे आधीच गेलेत आणि डॅशबोर्डवर त्यांची विक्री अजून मोजलेलीच आहे.

तिच्या शीटमध्ये आता 'रद्द' आणि 'दुरुस्त होऊन पोचल्या' असे दोन वेगळे रकाने आहेत. पहिल्या महिन्यात फोनमुळे वाचलेल्या दर दहा पार्सलांमागे सात पहिल्या रकान्यात होती.